बिडाची पूड

वर्कशॉपमधले सगळे तिला मायक्रॉन काकू म्हणत. कारखान्याच्या टूलरूममध्ये बावीस वर्षं तिने माप तपासण्यात घालवली होती. कारखान्याला टाळं लागलं, नवरा गेला, पण डोळ्यांतलं माप काही गेलं नाही. आता ती पंप दुरुस्त करणाऱ्यांना पितळी बुश करून द्यायची. स्वतःचा लेथ कुठला? सभासदांच्या सामाईक वर्कशॉपमध्ये तासांवर मिळणारा लेथ होता, त्यावरच तिचं चालायचं.

तिथली वही म्हणजे कोर्टच. मशिन घ्यायचं तर आधी लिहायचं: किती वेळ, कुठला धातू, कुठली मांडणी, आणि सोडताना काय साफ करून ठेवणार. साफसफाई आपल्याच वेळात उरकायची. पुढच्याने ताबा घेताना बघायचं आणि सही करायची. एकदा सही केली की मागची घाणही तुमचीच. 'मशिन अस्वच्छ' असं पुढच्याने लिहिलं, तर आधीच्याने तिथेच थांबून साफ करायचं, वर नावापुढे लाल खूण. दोन लाल खुणा झाल्या की सहा महिने चावी जमा.

काकूंच्या नावापुढे एक खूण होती. ती लावली होती तिच्या सख्ख्या दिराने, ट्रेमध्ये वाटीभर पाणी राहिलं म्हणून. तोही इथलाच सभासद, बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कप्प्या करायचा. भावाच्या तेराव्यालाच त्याने हत्यारांच्या पेटीवर हक्क सांगितला होता, तेव्हापासून वहिनी-भाऊजींचं बोलणं वहीतूनच चालायचं. तो लिहायचा, 'हत्यार धरायचा टूलपोस्ट कोणीतरी बायकी हाताने आवळला होता.' त्याखाली ती लिहायची, 'पुरुषी हाताने आवळून बोल्टचा आटा गेला, तो बदलला.' वर्कशॉपचा फोरमन दोन्ही वाचायचा आणि जांभई द्यायचा.

त्या गुरुवारी काकूंनी नऊ ते एक लिहिलं होतं. तुकडा पकडणारा चार जबड्यांचा चक चढवायला अर्धा तास, सहा बुशांना अडीच तास, आणि शेवटचा तास तीन जबड्यांचा चक परत लावून साफसफाईला. एक वाजता पंपवाला स्वतः न्यायला येणार होता. सगळं मापात बसलं तर दरमहा काम द्यायचं त्याने कबूल केलं होतं.

ती नऊला पाच कमी असताना पोचली. नऊचा ठोका पडला तरी दीर मशिनवरच.

"भाऊजी, नऊ वाजले."

"दिसतंय, वहिनी. घड्याळ मलाही वाचता येतं."

"वाचता येतं, पाळता येत नाही."

त्याने नऊ वाजून दहा मिनिटांनी स्विच बंद केला, फडक्याचा एक फराटा मारला आणि निघाला. वहीत त्याने लिहून ठेवलं होतं: माइल्ड स्टील, कूलंटचं पाणी वापरलं, बेड पुसून ठेवला. काकूंनी बेडवरून सरकणारं, हत्यार वाहणारं कॅरेज बाजूला करून पाहिलं. बेडवर काळी, चिकट रेघ. पोलादाचे लांब वळसे पडतात, अशी पूड पडत नाही. हे बीड होतं. ते कोरडं कापायचं आणि कोरडंच झाडायचं. ओल्या बेडवर कापलं की त्याचा चिखल होतो आणि तो मशिनला सँडपेपरसारखा खातो.

लिहावं का? लिहिलं तर हा परत येणार, दहा मिनिटं तोंड चालवणार, वीस मिनिटं हात. तिचा अर्धा तास गेला. सहावा बुश गेला, पंपवाला गेला. बावीस वर्षांत न केलेली गोष्ट तिने केली. डोळ्यांनी घाण पाहिली आणि हाताने सही केली: 'मशिन स्वच्छ, ताबा घेतला.'

मग बेडवर लाकडी फळी टाकली, चक चढवला, मापाची डायल लावून पहिला तुकडा फिरवला. पावणेएकपर्यंत सहाही बुश फडक्यावर ओळीने उभे. तीन जबड्यांचा चक लागला, ट्रे रिकामा झाला, बेड तीनदा पुसला. पण कॅरेजच्या कोपऱ्यांतल्या, बेड पुसत जाणाऱ्या नमद्याच्या पट्ट्या काढून धुवायला वेळ उरला नाही. चिखल त्यांत मुरला होता. बुश बाजूच्या बाकावर ठेवून ती एकला मशिनपाशी उभी राहिली.

एक ते पाच कोणाचं होतं? दिराचं. सकाळी अर्धं राहिलेलं काम त्याला पुरं करायचं होतं, गिऱ्हाईक चारला येणार. त्याने कॅरेज पुढे-मागे फिरवलं, पांढरं फडकं बेडवरून ओढलं आणि फोरमनच्या नाकापुढे नाचवलं.

"बघा फोरमन! तुमच्या मायक्रॉन काकू! हे काय, काजळ पाडलंय का?"

"पितळाला काळी पूड येते का, भाऊजी?"

"ते मला काय माहीत? सकाळी सही कोणाची आहे? 'मशिन स्वच्छ.' अक्षर तर छान आहे हो वहिनी." त्याने वहीत लिहिलं, मोठ्या अक्षरांत: मशिन अस्वच्छ.

फोरमनने लाल पेन काढलं. "काकू, नियम आहे. सही तुमची."

"असू दे. साफ करून देते. नियमाप्रमाणे."

आणि तिने स्क्रूड्रायव्हर घेतला. कॅरेजच्या चारही कोपऱ्यांच्या झाकण्या सोडल्या, पट्ट्या काढल्या, स्क्रू डबीत टाकले आणि डबी ओच्यात घेऊन बसली. एकेक पट्टी केरोसीनमध्ये बुडवून पिळू लागली, तान्ह्या लेकराचा लंगोट पिळावा तशी.

दोन वाजले. पंपवाला तासभर उशिरा आला, बुश मापून खूश होऊन गेला. तिने बसल्या जागेवरूनच मान हलवली.

"वहिनी, पुरे आता! करतो मी सही."

"करा की. झाकण्या उघड्या आहेत. उघडं मशिन चालवायचं नाही, असं तिथे भिंतीवर लिहिलंय."

"मग लावा त्या!"

"लावणार. वाळल्या की."

फोरमन खाली वाकला. पट्टीतून गळालेला चिखल बोटांत चोळला, वहीचं पान मागे उलटलं, दिराकडे पाहिलं. "माइल्ड स्टील लिहिलंय तुम्ही. हे बीड आहे." मग काकूंकडे वळला. "पण काकू, तुम्ही बघून सही केलीत. मला तुमची खूण मारावीच लागणार. ज्याने शेरा मारलाय त्याने 'घाण माझी होती' असं लिहून दिलं, तरच तो जातो."

"मी? लिहून देऊ?" दीर हसला. अडीच वाजता हसू गेलं. गिऱ्हाइकाचा फोन आला, दुसऱ्यांदाही आला.

"दादा असता तर तुम्ही असं अडवलं नसतं मला."

"तो असता तर तुम्ही त्याच्या बायकोच्या अंगावर बीड टाकून पळाला नसतात." तिने दुसरी पट्टी पिळली. "सहा महिने मी घरी बसायचं, आणि तुम्ही इथे कप्प्या करायच्या. असंच ना?"

त्याने घड्याळ पाहिलं. पेन उचललं, बाजूला टाकलं, पुन्हा उचललं. सव्वातीनला त्याने लिहिलं: 'सकाळी बीड कापलं. घाण माझी.' अक्षरं कागद फाडतील इतकी दाबून. फोरमनने लाल खूण मारली, त्याच्या नावापुढे.

काकूंनी पट्ट्या बसवल्या. आठ मिनिटं लागली.

"आठ मिनिटांचं काम होतं?" तो ओरडला.

"हो. सकाळी तुम्हालाही आठच लागली असती."

तिने हात पुसले, वही पुढे ओढली. पुढच्या आठवड्याचं पान बरंचसं कोरं होतं. मंगळवारी त्याचं नाव नव्हतं. तिने नऊ ते एक लिहिलं, पितळ लिहिलं, चार जबड्यांचा चक लिहिला. मागे मशिन सुरू झालं होतं आणि तो फोनवर कोणाला तरी सांगत होता की उशीर एका बाईमुळे झाला.