माणिकबाईची स्वस्ताई

अमरावतीच्या माळीपुऱ्यात माणिकबाईचा आवाज माहीत नसलेला माणूस सापडणं कठीण. बाई बोलायला लागली की पलीकडच्या गल्लीतली म्हैससुद्धा रवंथ थांबवायची म्हणतात. पण मनानं लोणी! अंबादेवीच्या देवळाबाहेर तिची फुलांची टोपली असायची, आणि हाराचे पैसे कमी पडले म्हणून तिनं कोणाला देवीपुढं रिकाम्या हातानं पाठवलं असं कधी झालं नाही. आधी दोन शब्द ऐकवायची ती, मग हार द्यायची. फुकटात हार हवा असेल तर तेवढं ऐकून घ्यावं लागतं, त्याला इलाज नाही.

नवरा नत्थुजी वडाळीकडच्या मळ्यात मोगरा, शेवंती, झेंडू पिकवायचा. धाकटा दीर पुंजाराम त्याच मळ्याचा अर्धा वाटेकरी. त्याची बायको शकुन तेल्हाऱ्याकडची, लग्न होऊन आली तेव्हा इतकी लहान होती की माणिकबाईच तिची वेणी घालायची. पुढं दोघा भावांच्या चुली वेगळ्या झाल्या आणि अंगणात पुरुषभर उंचीची भिंत आली. भांडी वाटली, बैल वाटले. वाटला गेला नाही तो विजेचा मीटर. तो नत्थुजीच्या नावावर, आणि त्याच्यावरूनच एक वायर भिंतीवरून शकुनच्या खोलीत गेलेली. बिल दोन्ही घरांनी निम्मं निम्मं भरायचं. ही वायर माणिकबाईनं भांडून ओढून घेतली होती. रॉकेलला त्या दिवसांत रांगा लागायच्या, दुसरं महायुद्ध संपलं तरी रांगा संपल्या नव्हत्या, आणि चिमणीच्या धुरात हार ओवून शकुनचे डोळे नेहमी लाल. माणिकबाईला ते बघवत नव्हतं. शिवाय, खरं सांगायचं तर, त्या भिंतीवरून तेवढी एकच गोष्ट या घरातून त्या घरात जात होती.

आता कनेक्शन देताना वीज कंपनीच्या माणसानं नत्थुजीला सांगितलं होतं की महिन्याच्या पहिल्या दहा युनिटांना सहा आणे दर, आणि त्यापुढं चार आणे. नत्थुजीनं ते बऱ्याच दिवसांनी, एकदा जेवताना बायकोला सांगितलं. ऐकताना माणिकबाईच्या हातातला घास थांबला. तिला लगेच कळलं. म्हणजे, कळलं असं वाटलं. अहो, जन्म फुलबाजारात गेलेला! सकाळी मोगरा तोऱ्यात असतो, तोच उन्हं चढली की निम्म्या भावात घ्या म्हणून मागं लागावं लागतं. दिवस उतरला की भाव उतरतो, यात शिकायचं काय? तसंच विजेचं असणार. महिना नवा असतो तेव्हा वीज महाग, महिना शिळा झाला की स्वस्त.

इतके दिवस कंपनीनं आपल्याला ताज्या भावानं लुटलं असं तिच्या डोक्यानं घेतलं. लगनसराई तोंडावर होती. तिनं भिंतीपाशी जाऊन शकुनला हाक मारली आणि तिला आपली युक्ती समजावली. मीटर वाचणारा येऊन गेला की पहिला पंधरवडा दिवा लावायचाच नाही, दोघींनीही नाही. मग स्वस्ताई सुरू झाली की लावायचा तेवढा लावायचा. शकुननं मान डोलावली. मोठ्या जावेच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नव्हती.

पंधरा दिवस दोन्ही घरांत चिमण्या पेटल्या. सोळाव्या दिवशी माणिकबाईनं पडवीतला दिवा लावला, आणि मग काय विचारता! पहाटे लावला, संध्याकाळी लावला, खोलीतलाही लावला. लग्नाच्या हारांची मागणी अशी की हात थांबत नव्हते. नत्थुजी एकदा म्हणाला की फार जळून राहिला दिवा. तर तिनं त्याला स्वस्ताईचा अर्थ समजावून गप्प केलं. शकुनकडंही दिवा लागायचा, पण तिचा हात जात्याच आखडता. हार झाले की विझव.

आणि बिल आलं सहा रुपये! गेल्या महिन्यात पाच होतं.

बिल घेऊन येणाऱ्या माणसानं आकडा सांगितला आणि तो सायकलवर टांग टाकून गेला. कागद इंग्रजीत. दोन्ही घरांत वाचणारं कोणी नाही. पुंजाराम भिंतीपलीकडून म्हणाला की आम्ही अर्धा महिना आंधळ्यासारखे बसलो, तरी बिल वाढलं, मग जाळलं कोणी? वाटा द्यायचा नाही, असं त्यानं सांगून टाकलं. नत्थुजीही काही कमी नव्हता. तो म्हणाला, भावानं दिल्याशिवाय मी एक पैसा भरत नाही. दोघंही एकाच आईचे, हट्टात कोण कोणाला हार जाणार? कागद देवघराच्या फळीवर पडून राहिला.

एका सकाळी पुंजाराम स्वतः दारात आला. आत आला नाही.

"वयनी," तो म्हणाला, "आमची वायर काढून घेतो. आमाले नाई पायजे लाइट. घर येगळं तं सारंच येगळं असू द्या."

माणिकबाई ओवता हार टाकून दाराशी आली. चुली वेगळ्या झाल्या तेव्हा ती रडली नव्हती, घरोघरी होतं म्हणाली होती. पण ही वायर गेली तर पलीकडं राहतं ते शेजारचं घर, आपलं नाही, हे तिला स्वच्छ दिसलं. संध्याकाळपर्यंत थांब, एवढंच ती कसंबसं म्हणाली. पुंजारामनं वहिनीकडं पाहून बरं म्हणून मान हलवली.

तिनं त्या दिवशी टोपली भरली नाही. बिल घेतलं, पदराच्या गाठीत पैसे बांधले आणि थेट कंपनीच्या ऑफिसात गेली. कंपनीवाल्यांनी जास्त लावलं, हे तिचं ठरलेलं. चोरी त्यांची निघाली की दोन्ही भाऊ एका बाजूला येतील, असा साधा हिशेब. वाटेत ती मनातल्या मनात शिव्यांची उजळणी करत होती.

खिडकीवर खुशालराव नावाचे कारकून होते. चष्मा, काळी टोपी, शांत माणूस. दर सणाला ते तिच्याकडूनच वेणी न्यायचे, त्यामुळं शिव्या थोड्या लांबणीवर पडल्या. तिनं कागद पुढं सरकवला आणि म्हणाली की आधी हे काय लिहिलं ते वाचा, मग मले काय बोलायचं ते बोलतो.

खुशालरावांनी कागद तिच्याकडं फिरवून धरला आणि बोट ठेवत ते वाचायला लागले. हा मागल्या वेळचा मीटरचा आकडा, दोनशे एकतीस. हा यावेळचा, दोनशे एकोणपन्नास. मधला फरक अठरा, तेवढे युनिट तुमच्याकडं जळले. त्यातल्या पहिल्या दहांचे सहा आण्यांनी तीन रुपये बारा आणे. वरच्या आठांचे चार आण्यांनी दोन रुपये. मीटरचं भाडं चार आणे. झाले सहा रुपये. गेल्या महिन्यात चौदाच युनिट होते, म्हणून पाच.

"पण आमी तं महाग दिवसात लावलाच नाई दिवा," माणिकबाई म्हणाली. "सारा स्वस्ताईत जाळला."

खुशालरावांना काही कळेना. तिनं त्यांना सगळं समजावलं, मोगऱ्याच्या भावासकट. ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. चष्मा काढून पुसत म्हणाले, "बाई, मीटरला तारीख कळत नाही. तो नुसते युनिट मोजतो. महिन्याचे जेवढे होतील त्यातले दहा महाग, पुढचे स्वस्त. पहिल्या दिवशी जाळा नाही तर शेवटच्या, पैसे तेवढेच."

माणिकबाई मनात हिशेब लावायला लागली. म्हणजे पंधरा दिवसांच्या अंधारानं भाव काही उतरला नव्हता. आणि मग स्वस्ताई म्हणून जे धो धो जाळलं ते कोणी? पडवीत कोणाचा दिवा होता? शकुनच्या त्या एका दिव्यानं काय अठरा होतात! पुंजाराम बोलला ते खरंच होतं की. कंपनी चोर नव्हती. चोर म्हणायचं झालं तर ती स्वतःच.

खुशालरावांनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. ही भरायची शेवटची तारीख, पंधरा. आज सतरा. तारीख उलटली की रुपयामागं एक आणा दंड, म्हणजे सहा आणे जास्त. तरी नाही भरलं तर सात दिवसांची नोटीस येते, मग लाइन कापतात. आमच्या हातात नाही बाई, असं ते ओशाळून म्हणाले. माणिकबाईनं गाठ सोडली आणि सहा रुपये सहा आणे मोजून दिले. एका शब्दाची घासाघीस केली नाही. खुशालरावांना तिची प्रकृती बरी नसावी असं वाटलं.

उन्हं उतरता घरी आली ती स्वतःच्या दारात शिरलीच नाही, सरळ धाकट्याच्या. पुंजाराम पक्कड घेऊन स्टुलावर चढलेलाच होता. शकुन खाली झेंडूची रास घेऊन बसली होती. माणिकबाईनं दिराला तसंच थांबायला सांगितलं आणि जावेपुढं खाली बसली. ऑफिसात ऐकलेलं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पावती पुढं ठेवली.

"चूक मायी," ती म्हणाली. "तुले पंधरा दिवस धुरात बसवलं तेही म्या, अन् दिवा जाळला तोही म्या. दंड मायाच. बिल भरून आली, तुमचा वाटा मले नको. पण वायर नका काढू बाप्पा."

पुंजाराम स्टुलावर अवघडून उभा. मोठी वहिनी चूक कबूल करते आहे, हे त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. शकुननं सुईतला झेंडू खाली ओढला. मग मान खाली घालूनच म्हणाली,

"अंधाराचं काई नाई वाटलं, बाई. तुमीच सांगतलं होतं. मंग तुमच्या पडवीत रोज लखलख उजेड पडे, भिंतीवरून दिसे. तुमी एकट्याच हार ओवत बसा. मले एक डाव हाक नाई मारली. त्याचं वाटलं."

सहा आणे दंड भरताना माणिकबाईला काही झालं नव्हतं. इथं मात्र डोळ्यांतून पाणी आलं ते आलंच. खरंच, तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. प्रत्येकीचा वेगळा दिवा झाल्यावर हाक मारायची कशाला, इतकं साधं ते घडलं होतं. शकुनच्या मांडीवरचा अर्धा हार तिनं ओढून घेतला आणि दुसऱ्या टोकानं ओवायला लागली.

पुंजाराम स्टुलावरून उतरला. पक्कड कुठं ठेवावी हे त्याला सुचेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे माळीपुऱ्यातली झाडून सारी माणसं दचकून उठली. कोणाला वाटलं आग लागली, कोणाला वाटलं चोर. माणिकबाई आपल्या पडवीतल्या दिव्याखाली उभी राहून भिंतीपलीकडं शकुनच्या नावानं ओरडत होती. पलीकडचा दिवा विझला, दाराची कडी वाजली आणि फुलांची टोपली डोक्यावर घेऊन शकुन या घरात आली.