मांडीवरचा टॉवेल

पांढरकवड्यात जफरभाईंचा बकलावा खायला लोक हायवे सोडून गावात वळत. कुवेतच्या मिठाईवाल्याकडे बारा वर्षं घासून आणलेला हात होता तो. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि नेमका तोच हात लुळा पडला. अतियानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ही गोष्ट बाहेर फुटू दिली नाही. पुंडलिकरावांनी लेकीच्या साखरपुड्यासाठी दोन ट्रे सांगितले आणि बजावलं, "हात जफरभाईचाच पाहिजे." ती फोनवर हो म्हणाली खरी, पण बकलावा आता तिलाच करावा लागणार होता.

मे महिन्याची सकाळ, हवा नुसती भाजत होती. बकलाव्याच्या मैद्याच्या शीटांची दोनच तयार पाकिटं घरात होती. पहिलं उघडताच त्या कागदाहून पातळ शीटा वाळतील या धास्तीनं तिनं माठाला गुंडाळतात तसं ओलंचिंब फडकं थेट त्यांच्यावर टाकलं. शहाणपणच ते, पण माठाचं! तूप पातळ करून येते तो शीटा एकमेकींना चिकटून कणकेचा गोळा झालेल्या. आता एकच पाकीट उरलं होतं. दुसरं आणायला नागपूर गाठावं लागणार आणि पुंडलिकराव तर पाचला दारात.

"अजी, मले नाही जमत हे," ती रडकुंडीला आली.

जफरभाई खुर्चीतूनच बोलले, "पहिले कूलर बंद कर. वारा लागला का शीट तडकते. शीटांवर प्लास्टिक टाक, त्याच्यावर फडकं, पन कचकचून पिळलेलं. एक काढली का बाकीच्या लगेच झाक."

ती घामानं निथळत एकेक शीट उचलू लागली. कडा आधी वाळतात म्हणून ब्रश आधी कडांवर, मग मध्ये, नुसता टेकवून. तुपाचं तळं होऊ द्यायचं नाही. पाचवी शीट टर्रकन फाटली आणि तिनं जफरभाईंकडे पाहिलं.

"फाटू दे! मधल्या थरात लाव, तुपानं सांधते. अख्ख्या चार वरच्यासाठी ठेव."

एक पाकीट म्हणून एकच ट्रे झाला. भाजण्याआधीच वड्या कापल्या. सोनेरी ट्रे बाहेर येताच गार पाक वर ओतला, तेव्हा चर्र झालं. जफरभाईंनी डोळे मिटून तो आवाज ऐकला.

पाचला पुंडलिकराव आले, तोवर अतियानं जफरभाईंच्या मांडीवरच्या लुळ्या हातावर टॉवेल पसरला होता. एकच ट्रे पाहून कपाळाला आठी घातली, तरी एक वडी तोंडात टाकली. कुरकुर आवाज झाला आणि चुरा सदऱ्यावर सांडला.

"वा! जफरभाई, हात तोच हाये."

अतियानं मान खाली घातली. जफरभाईंनी मांडीवरचा टॉवेल बाजूला केला, डाव्या हातानं उजवा उचलून टेबलावर ठेवला.

"हा तर चार महिन्यापासून असाच पडून हाये, पुंडलिकराव. तुम्ही खाल्लं तो हिचा हात."