खोली नंबर चारचे आठ डाग

वकीलबाई कोर्टाची पायरी कधी चढल्या नव्हत्या. शाळाही सातवीतच सुटली होती. बावीस वर्षं त्या एकाच हॉस्पिटलात फरशी पुसत होत्या, पण कुणी चुकीचं बोललं की तिथल्या तिथे हिशेब चुकता करायच्या, म्हणून सगळ्या बायकांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं. सुपरवायझरला ते नाव अजिबात आवडत नसे. "इथे एकच साहेब आहे," असं तो म्हणायचा. त्यावर वकीलबाई म्हणायच्या, "हो ना, मग साहेबासारखं वागा की."

त्या महिन्यात सुपरवायझरच्या हातात नवं हत्यार आलं होतं. एक जांभळी बॅटरी आणि एक पारदर्शक जेलची ट्यूब. सफाईच्या आधी तो खोलीत बारा ठिकाणी जेलचे थेंब लावून ठेवायचा. पलंगाची दांडी, दाराची मूठ, सलाईनचा स्टँड, बेलचं बटण. ट्यूबलाइटमध्ये ते थेंब कुणालाही दिसत नसत. सफाई झाली की पडदे ओढून तो बॅटरी मारायचा. थेंब चमकला तर ती जागा पुसलेली नाही, असा सरळ नियम. नियम चांगला होता, हे वकीलबाईही कबूल करायच्या. पण त्याच महिन्यात त्यांना दोन मेमो मिळाले, आणि तिसऱ्या मेमोला घरी बसावं लागणार होतं.

"मी पुसते, हे मला माहीत आहे," त्या जावेला म्हणाल्या. "हात माझे आहेत, कोपरं माझी दुखतात. आणि हा बॅटरी लावून म्हणतो, पुसलं नाही!"

"मग बॅटरी खोटं बोलते का?" जाऊ म्हणाली.

"बॅटरी खोटं बोलत नाही गं. तो तिचं ऐकतो अर्धवट."

हे त्या उगाच म्हणाल्या नव्हत्या. दुसरा मेमो लिहिताना सुपरवायझरने बॅटरी दोन मिनिटं त्यांच्या हातात दिली होती. उजेड चुकून त्यांच्याच पुसायच्या फडक्यावर पडला आणि फडकं निळं-पांढरं पेटलं! धुतलेलं, कोरं फडकं. बाजूची लाल प्लॅस्टिकची बादली मात्र काळीठिक्कर. वकीलबाईंनी बॅटरी परत दिली, पण डोक्यात ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रक्त तपासणाऱ्या लॅबवाल्या ताईंना गाठलं. ताईंनी टेबलावरचा कागद उचलून समजावलं. "या बॅटरीचा खरा उजेड आपल्याला दिसतच नाही, मावशी. जांभळ्याच्याही पलीकडचा आहे तो. काही पदार्थ तो गिळतात, त्यातली थोडी ताकद ऊब म्हणून मुरते, आणि उरलेली दिसणाऱ्या रंगात बाहेर पडते. कपड्याच्या पावडरीत, पांढऱ्या कागदात असे पदार्थ मुद्दाम घालतात. ते निळसर उजेड टाकतात, म्हणून कापड जास्त पांढरं वाटतं."

"मग उन्हात का नाही दिसत असं?"

"उन्हातही हा उजेड असतो की. पण बाकीचा उजेड एवढा असतो की त्यात ही निळी चमक बुडून जाते, नुसतं पांढरंशुभ्र दिसतं. अंधारात बॅटरीखाली फक्त तीच उरते. आणि ज्याला हा खेळ जमत नाही, ती तुमची बादली, तिच्याकडे टाकायला उजेडच नसतो."

वकीलबाई मान हलवत राहिल्या. मग धुलाईखात्यात जाऊन आल्या. फडकी महिनाभरापासून नव्या "दुप्पट पांढऱ्या" पावडरीत धुतली जात होती, आणि एकाच पाण्यातून काढून वाळत टाकली जात होती. फडक्याला पावडर चिकटून राहायची, पुसताना दांडीला लागायची. संध्याकाळी त्यांनी दिराच्या दुकानातली नोटा तपासायची छोटी बॅटरी मागून आणली. "नोट खोटी सापडली का?" दीर हसला. "मेमो खोटा सापडलाय," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या मेमोला तीन दिवस लागले. दुपारची जेवणं व्हायची होती. खोली नंबर चारमधून सुपरवायझर मेमो हातात घेऊनच बाहेर आला. "बारापैकी आठ. सही करा."

"आधी मेट्रनबाईंना बोलवा. त्या आल्याशिवाय मी पेनाला हात लावणार नाही."

"धमकी देता?"

"विनंती करते. मोठ्याने करते, एवढंच."

मेट्रन आल्या. पडदे ओढले गेले. वकीलबाईंनी दिराची बॅटरी काढली आणि पहिला उजेड मारला तो सुपरवायझरच्या शर्टावर. तो पांढरा शर्ट निळ्या प्रकाशाने उजळून निघाला.

"पुसला नाहीत वाटतं, साहेब?"

मेट्रनबाईंनी तोंडावर हात ठेवला. सुपरवायझर चिडला. "हा चेष्टेचा विषय नाही!"

"मग हा बघा." उजेड त्याच्या हातातल्या मेमोवर गेला. कागद असा झगमगला की त्यावरची शाई काळ्या मुंग्यांसारखी दिसली. "मेमोही घाणेरडा निघाला. चमकतं ते सगळं घाण, हा तुमचा कायदा ना?"

"जेलही चमकतंच की!"

"चमकतं. कोणत्या रंगात?" वकीलबाईंनी त्याच्या ट्यूबमधून कपाटावर तीन नवे थेंब लावले. बॅटरीखाली तिन्ही हिरवे, कडा स्पष्ट. एक त्यांनी स्वतः तीन पाण्यांतून काढलेल्या फडक्याने पुसला, तिथे काहीच उरलं नाही. दुसरा धुलाईखात्याच्या फडक्याने पुसला. हिरवा गेला, मागे निळसर धुरकट पट्टा राहिला. तिसरा तसाच ठेवला. "दांडीवर, स्टँडवर, टेबलावर हेच आहे. सहा जागा. थेंब गेलाय, पावडर राहिलीय."

मेट्रनबाईंनी एकेक जागा पाहिली. सहाही निळ्या.

"आणि बेलचं बटण?" सुपरवायझर म्हणाला. "ते तर हिरवं आहे!"

बटण खरंच हिरवं होतं. वकीलबाईंनी आपली बॅटरी बंद केली, त्याची बंद करायला लावली. खोली काळी झाली. कपाटावर मुद्दाम लावलेला तिसरा हिरवा थेंब त्याच क्षणी विझला. बटण मात्र तसंच मंद हिरवं चमकत राहिलं.

"जेल उजेड गिळतं आणि लगेच टाकतं. हे प्लॅस्टिक गिळून साठवतं आणि पुरवून पुरवून सोडतं, रात्री पेशंटला बटण सापडावं म्हणून. उजेडात दुधी दिसतं, म्हणून तुम्हाला कधी कळलं नाही. तुम्ही त्यावर थेंब लावलात, मी पुसलाय."

"सात झाले," मेट्रन म्हणाल्या. "आठवा?"

आठवा दाराच्या मुठीच्या मागच्या बाजूला होता. हिरवा, स्पष्ट कडांचा. बॅटरी बंद केली की विझला. सुपरवायझरचा चेहरा उजळला. वकीलबाईंनी वाकून पाहिलं आणि सरळ उभ्या राहिल्या.

"हा माझा राहिला. हा लिहा."

"म्हणजे चूक कबूल?"

"एक. आठ नाही. नवा कागद घ्या, त्यावर एक लिहा, मी या क्षणी सही करते. आणि आधीचे दोन मेमो काढा. त्यात कोणत्या जागा निळ्या होत्या, कोणत्या हिरव्या, हे लिहिलंय का?"

लिहिलेलं नव्हतं. मेट्रन म्हणाल्या, "मी विचार करून सांगते."

"करा ना. मी इथेच उभी आहे."

मेट्रनबाईंनी वकीलबाईंकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. त्यांना माहीत होतं, ही बाई उभी राहते म्हणजे राहते. फाइल मागवली गेली. दोन्ही मेमोंवर आडवी रेघ आली, खाली सही. धुलाईखात्याला फडकी तीन पाण्यांतून काढायची चिठ्ठी गेली. यापुढे तपासणी पुसणारीच्या समोर होईल, हे वकीलबाईंनी बोलून नाही, लिहूनच घेतलं. मग नव्या मेमोवर, जिथे "एक" लिहिलं होतं, त्यांनी गोल गोल अक्षरात पूर्ण नाव लिहिलं.

सुपरवायझरने पडदे सरकवले. उन्हात त्याचा शर्ट नुसता पांढरा होता, मेमो नुसता कागद.

वकीलबाईंनी बादलीतून फडकं काढलं, पिळलं, आणि दाराच्या मुठीची मागची बाजू पुसायला घेतली.

"बॅटरी मारा, साहेब," त्या मागे न बघता म्हणाल्या. "मी समोरच आहे."