तेहतीस म्हणजे तेहतीस

आमच्या नारायण पेठेतल्या सोसायटीत श्यामसुंदर बेहेऱ्यांनी लावलेली सूचना व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते आणि वाचणाऱ्याचा पाणउतारा करून जाते. बेहेरेकाकांनी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. निवृत्तीनंतर कागद येईनासे झाले, तेव्हा ते माणसं तपासू लागले. लग्नाची पत्रिका आली तर लाल शाईने दुरुस्त करून आहेराबरोबर परत देतात.

गाडी घेतल्यावर टायरांची हवाही त्यांच्या तपासणीखाली आली. दर रविवारी ते स्वारगेटच्या पलीकडच्या एका पंपावर जातात. घराजवळही पंप आहे, पण तिथला काटा त्यांच्या मते थापाड्या. गाडीवरच्या स्टिकरवर तेहतीस पौंड लिहिलंय. पंपावर काटा छत्तीस दाखवायचा. काका जास्तीची हवा सोडायला लावायचे. ‘तेहतीस म्हणजे तेहतीस!’

बाकी आठवडाभर गाडी त्यांच्या पत्नीच्या, मंदाकिनीकाकूंच्या हाती. कात्रजला त्यांची धाकटी बहीण कुसुम असते. तिला अर्धांगवायू झाल्यापासून काकूच तिला व्यायामाला नेतात. रिक्षात चढवताना एकदा दोघी पडल्या, तेव्हापासून रिक्षा बंद. आणि खरं सांगायचं तर काकूंना गाडी चालवायला मनापासून आवडतं. लांबून सिग्नल लाल दिसला की त्या पाय काढून घेतात आणि गाडी आपसूक मंदावू देतात. मधल्या जागेत रिक्षा घुसली तर घुसू देतात.

यंदा बावीस हजार किलोमीटरलाच पुढचे दोन्ही टायर गुळगुळीत झाले. मागचे मात्र ठणठणीत. काकांनी काकूंकडे बोट दाखवत निकाल दिला, ‘‘ही गाडी चालवत नाही, टायर खाते. नवे बसले की किल्ली माझ्याकडे.’’ मला राग आला. मग कुसुमला कोण नेणार?

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कात्रजला मच्छिंद्रच्या टायरच्या दुकानी निघालो. मला साक्षीदार म्हणून नेलं होतं. गाडी काका चालवत होते. पुढे दहा हात मोकळे दिसले की गाडी पळवायची आणि पुढच्याच्या बंपरला टेकता टेकता करकचून ब्रेक. दुकानापाशी तर गाडी जागच्या जागी उभी ठेवून त्यांनी स्टिअरिंग पार टोकापर्यंत फिरवलं. टायर रस्त्यावर रगडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

मच्छिंद्रने पुढची चाकं पाहिली. ‘‘काका, पुढचे आधी झिजणारच. इंजिनाचं वजन पुढं, गाडी ओढायची पुढच्यांनी, वळायचं त्यांनीच, ब्रेकचा जास्त जोरबी त्यांच्यावरच. दर आठ-दहा हजाराला मागचे पुढं, पुढचे मागं केले का?’’

‘‘मागचे चांगले होते. चांगली वस्तू कशाला झिजवायची?’’

त्याने वाद घातला नाही, टायरवरून हात फिरवला. ‘‘पर हे बगा. मधी थोडी नक्षी हाय, दोन्ही कडा गेल्यात. हवा कमी राहतीय.’’

काका उसळले. ‘‘दर रविवारी मी स्वतः तपासतो! तेहतीस!’’

तेवढ्यात काकूंनी चालकाचं दार उघडलं, चष्मा लावला आणि दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचलं.

‘‘अहो, इथे ‘कोल्ड’ लिहिलंय.’’

‘‘कुठे?’’

‘‘तेहतीसच्या शेजारी. टायर थंड असताना तेहतीस. तुम्ही स्वारगेटच्या गर्दीत रखडत पंपावर पोचता, तोवर ते तापलेले असतात.’’

‘‘तापल्यावर तीन-चार पौंड जास्त दाखवतंच,’’ मच्छिंद्र म्हणाला. ‘‘ती हवा सोडायची नसती. सोडली की सकाळी गार टायरात एकोणतीस-तीसच उरती.’’

काका वाकले. शब्दाखाली बोट धरून त्यांनी ते स्टिकर वाचलं, मग पुन्हा वाचलं. त्यांचे कान लाल झाले होते. मला क्षणभर आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण लगेच वाईटही वाटलं. लोकांचे अनुस्वार शोधणाऱ्या माणसाच्या नजरेतून अख्खा शब्द निसटला होता.

मच्छिंद्रने मागचे टायर पुढे घेतले आणि नवे मागे बसवले. एरवी काकांनी हरकत घेतली असती. आज त्यांनी फक्त कारण विचारलं.

‘‘पावसात मागचे घसरले तर गाडी गिरकी घेती. चांगली पकड मागं पायजे.’’

काम झालं. काकांनी खिशातून किल्ली काढली, थोडा वेळ हातातच ठेवली आणि काकूंपुढे धरली.

‘‘शुद्धिपत्र समज,’’ ते म्हणाले.

काकूंनी किल्ली घेतली. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज नेहमीचाच होता. ‘‘कात्रजला आलोच आहोत, तर कुसुमकडे जाऊन येऊ.’’

काका वळसा घालून डावीकडे गेले, आत बसले आणि त्यांनी पट्टा लावला.

‘‘चल,’’ ते म्हणाले, ‘‘ती वाट बघत असेल.’’