शेगडी पेटवताना जावयाला अरे-तुरे

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं आणि जावयांची बदली भोपाळहून तिथं झाली. लेकीचं बाळंतपण रीतीनं माझ्याकडे, अमरावतीला व्हायचं. पण डॉक्टरनं प्रवासाला मनाई केली, म्हणून मीच पेटी उचलून तिच्या सरकारी क्वार्टरात आले. नात झाली, ते ऐन थंडीचे दिवस. क्वार्टरात गॅस होता, गिझर होता, पण बाळंतिणीला शेकायला शेगडी नव्हती. जावयांनी गोल बाजारातून बादलीची शेगडी आणली, आतून मातीनं लिंपलेली.

आता शेगडी पेटवावी तर मीच! बढाई म्हणा हवं तर. खालची राख झाडून जाळी मोकळी करायची, शेगडीचं तोंड वाऱ्याकडे. जाळीवर गोवरीचे कोरडे तुकडे, त्यावर लाकडाच्या बारीक चिलप्या, आणि खालून कागदाचा बोळा पेटवायचा. चिलप्यांनी धरलं की सुपारीएवढा लाकडी कोळसा, तोही विरळ. दाबून भरला की हवा कोंडली, मग बसा रडत. हे सगळं अंगणात. धूर सरून निखारा लाल झाला की मगच आत, तेही खिडकी उघडी ठेवून. यात घासलेटचा थेंब नाही.

जावयांना मात्र दम नव्हता. ऑफिसची घाई! "आई, हे तुमचं फूं-फूं किती वेळ चालते? थोडा मिट्टीतेल डालो, झट से जल जाएगी," म्हणायचे. मी म्हणायची, "नको हो, राहू द्या." आमच्याकडे जावयाशी याहून जास्त बोलत नाहीत. डोक्यावरचा पदर सावरून अहो-जाहो करायचं, आणि गप्प बसायचं.

त्या सकाळी चिलप्या धरल्या, वर कोळसा टाकला आणि मी नातीला तेल लावायला आत गेले. तेल लावून झाल्यावर लेकीनं पोरीला दुपट्यात गुंडाळलं, शेकायला उचललं आणि अंगणाच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या मागून मी डोकावले. शेगडीतून पांढराफटक, दाट धूर निघत होता. त्या धुराला घासलेटचा भपकारा. जावई वाकून शेगडीत बघत होते, घासलेटचा डबा काखेत, हातात काडेपेटी. आणि माझी लेक, माझी नात, शेगडीपासून दोन हातांवर.

"काडी ओढू नको! हट मागे, गाढवा!"

माझ्याच तोंडून निघालं ते. लेकीला आत ढकललं, धावले, जावयाचं स्वेटर मागून धरलं आणि असा हिसका दिला की दोघंही फरशीवर आपटलो. तेवढ्यात भक्कन जाळ उठला, वाळत टाकलेल्या लंगोटांपर्यंत! दोन लंगोट जळून गेले. जावयांच्या भुवया करपल्या. डब्याचं बूच घट्ट होतं म्हणून निभावलं. मी शेगडीजवळ कोणाला फिरकू दिलं नाही. आतलं तेल जळून जाळ आपोआप बसला.

"पण आई, मी काडी ओढलीच नव्हती!" जावई म्हणाले. ओठ पांढरे पडले होते.

"काडी कशाला पायजे? खाली चिलप्या जिवंत होत्या ना! गरमावर घासलेट पडलं की लगेच पेटत नाही, त्याची वाफ होते. तो पांढरा धूर म्हणजे तीच वाफ. ती साचते, अन् निखाऱ्यानं धरलं की सगळी एकदम पेटते. ओतता ओतता पेटली असती तर जाळ धारेवरून डब्यात चढला असता. अन् पेट्रोलची तर थंडीतही वाफ होते. समजलं काय तुले?"

'तुले' म्हणून झाल्यावर मला भान आलं. जावई न जेवताच ऑफिसला गेले.

दिवसभर लेक मुसमुसत होती. "आई, तू त्यांना गाढव म्हणालीस! ते आता बोलणार नाहीत आपल्याशी." मी म्हटलं, "नाही बोलले तर नाही. जिवंत तर आहेत." तोंडानं म्हटलं खरं, पण लेकीच्या संसारात मी बिब्बा घातला की काय, हे मनातून जाईना.

संध्याकाळी जावई आले ते लाकूड कापायच्या आरा मशीनवरून चिलप्यांचं पोतं घेऊन. ते अंगणात ठेवलं आणि माझ्यासमोर उकिडवे बसले.

"उद्या मी पेटवतो, आई. तुम्ही बाजूला उभ्या राहा. अन् मी चुकलो ना, तर आजच्यासारखंच ओरडा. तुमचं ते 'नको हो, राहू द्या' ऐकत बसलो असतो, तर आतापर्यंत जळून गेलो असतो."