केसरबाईंची तीन कोटेशनं

करमाडच्या केसरबाईंच्या हिशेबी जगात माणसं दोनच जातीची. एक बिनडोक, आणि दुसरी ज्यांचा बिनडोकपणा अजून उघडा पडायचा आहे ती. नवरा होता तोवर त्याला त्यांनी पहिल्या जातीत बसवलं होतं. तो गेला आणि सातबाऱ्यावर त्याच्या जागी बाईंचं नाव लागलं, तेव्हा तलाठ्यालाही त्यांनी तिथंच बसवला, कारण बिचाऱ्यानं वाचायला चष्मा मागितला. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईनं कुठल्याही कागदावर बोट ठेवलं की समोरचा तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला घ्यायचा.

त्या वर्षी बोट आलं ठिबकच्या कोटेशनांवर. लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला होता. शेंद्र्याच्या कारखान्यांकडून प्लॉटिंगवाल्यांचे चुन्याचे फक्कीपट्टे गावाच्या शिवेपर्यंत सरकले होते, आणि आजूबाजूच्यांनी मोसंबीवर कुऱ्हाड चालवून रान विकायला काढलं होतं. बाईंची तीन एकरांत चारशे झाडं होती आणि शेततळं निम्मं उरलं होतं. पाटानं पाणी सोडलं तर ते होळीपर्यंतच पुरणार होतं. ठिबक बसलं तर मृगापर्यंत झाडं तगणार होती. ठिबक नाही तर बाग नाही, एवढी सरळ गोष्ट होती.

शेंद्र्याच्या कंपनीत नोकरीला असलेला त्यांचा भाचा शिवराज जाधववाडीच्या बाजारातून, मोंढ्यातून, तीन दुकानांची कोटेशनं घेऊन आला. वर त्यानं कॉम्प्युटरवर रंगीत तक्ता करून आणला होता आणि सगळ्यात कमी रकमेला हिरवा रंग दिला होता.

"मावशी, हे पाहा. एकतीस, बेचाळीस आणि चौसष्ट हजार. पहिलंच घ्यायचं."

केसरबाईंनी हिरव्या रंगाकडे, मग शिवराजकडे पाहिलं. "कंपनीत तुला पगार देत्यात व्हय? का नुसतंच बसवून ठिवलंय?"

पहिल्या कोटेशनाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात क्षेत्र लिहिलं होतं: ०.८० हेक्टर. म्हणजे दोन एकर. रान तीन एकर, हे दुकानदाराला शिवराजनंच सांगितलं होतं.

"एकराला साडेपंधरा हजार पडलं ह्ये. तुझं महाग म्हणून दुसरं ठिवलेलं एकराला चौदा हजारच हाय. आन् उरल्या एकरात काय, तू बादली घेऊन हिंडणार?"

शिवराजनं तक्त्याची घडी घातली.

दुसऱ्यात क्षेत्र बरोबर होतं, पण नळी होती बावीसशे मीटर. वीस ओळी, ओळीत वीस झाडं, दोन झाडांत अठरा फूट. म्हणजे एका ओळीला एकच नळी. पोसलेल्या मोसंबीला खोडाच्या दोन्ही अंगांनी नळी लागते, नाहीतर मुळं एकाच बाजूला पाणी शोधत बसतात. तिसऱ्यात चव्वेचाळीसशे मीटर होती.

मग बाई स्वतः मोंढ्यात गेल्या. दुसऱ्या दुकानात त्यांनी पाचशे मीटरचं भेंडोळं काट्यावर टाकायला लावलं. ते जेमतेम वीस किलो भरलं. तिसऱ्याकडचं तेवढ्याच लांबीचं सव्वीस भरलं, आणि त्याच्या नळीवर थोड्या थोड्या अंतरानं आयएसआय प्रमाणाचा शिक्का छापलेला होता. दुसऱ्याच्या नळीवर कंपनीचं नाव होतं, शिक्का नव्हता.

"सहा किलो पिलाष्टिक तुम्ही खाल्लं का कंपनीनं?" त्यांनी दुसऱ्या दुकानदाराला विचारलं. "आन् फिल्टर ह्यो एवढा जाळीचा? माझं तळ्याचं पाणी हाय. शेवाळानं जाळी दोन दिवसांत तुंबंल."

"धुवायची, बाई. सोपं काम आहे."

"मग तुम्हीच या रोज धुवायला."

तिसऱ्याच्या कोटेशनात आधी वाळूची टाकी होती, तिच्यापुढं जाळीचा फिल्टर होता. शेवाळ वाळूत अडकणार, उरलंसुरलं जाळीत. तिसरा दुकानदार बोलायलाही कमीच होता. बाईंनी त्याला नाइलाजानं दुसऱ्या जातीत घातलं.

पण तिसऱ्यानं शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: सरकारी अनुदानासाठी, सामाईक सातबारा असल्यास, सहहिस्सेदाराचं संमतीपत्र शेतकऱ्यानं द्यावं. आणि हे वाचल्यावर केसरबाईंनी पहिल्यांदा कागदावरचं बोट मागं घेतलं.

सातबारा सामाईकच होता. दुसरं नाव त्यांच्या धाकट्या दिराचं, धोंडिबाचं. वाटणी तोंडी झालेली, कागदावर कधी चढलेली नाही. त्याची तीन एकरं पडीक होती, आणि तो शहराच्या छावणी भागात राहून टँकरनं पाणी विकत होता. बाईंच्या मते त्याच्याइतका बिनडोक माणूस जिल्ह्यात नव्हता. सतरा वर्षं त्या त्याच्याशी शब्दानं बोलल्या नव्हत्या.

दुसरा दुकानदार मात्र निघताना हसून म्हणाला होता, "कागदाचं सोडा माझ्यावर. सही आमच्याकडंच होऊन जाते."

"खोटी सही?"

"सगळेच करतात."

अनुदानाच्या अर्जाची मुदत महिनाअखेरीला संपत होती. अर्ज झाल्यावर कृषी खात्याची पूर्वसंमती यायची, तिच्यानंतरच संच घ्यायचा, आधीचं बिल अनुदानाला चालत नाही. म्हणजे पर्याय दोनच: खोटी सही आणि तुंबणारा फिल्टर, नाहीतर धोंडिबाचा उंबरा. रात्रभर केसरबाईंनी दुकानदार आणि धोंडिबा दोघांनाही शिव्या घातल्या आणि सकाळी छावणीची वाट धरली.

जायच्या आधी त्यांनी संमतीपत्र चारदा तपासलं, तीन प्रती काढल्या. आपण केलं ते तो करणार, याची त्यांना खात्री होती. सतरा वर्षांपूर्वी धोंडिबाला आपल्या हिश्शात विहीर खणायची होती, बँकेला संमतीपत्र हवं होतं. कागद हातात आल्यावर बाईंना कोण आनंद झाला होता. पहिल्यांदा गट नंबर चुकलाय म्हणून परत पाठवला. मग तारीख नाही म्हणून. मग साक्षीदार एकच म्हणून. ज्याला धड कागद करता येत नाही त्यानं विहीर कशाला खणावी, असं त्या गावभर सांगत फिरल्या. चौथ्यांदा तो आला तेव्हा बँकेची मुदत टळून गेली होती. त्यानंतर तो शहरात गेला.

धोंडिबा टँकरच्या सावलीत खुर्ची टाकून बसला होता. वहिनींना पाहून उठला. त्याच्या बायकोनं, चंपाबाईनं, न विचारता चहा ठेवला. केसरबाईंनी कागद पुढं केला, कामापुरतं सांगितलं, आणि त्यानं खिशातलं पेन काढलं.

"कुठं करू सही?"

"न वाचताच?" बाईंना राहवलं नाही. "अकलेचा कांदाच हाय तुमी, भाऊजी. उद्या कुणी रान लिहून घेईल."

"तुम्ही वाचलंय नव्हं?"

हा मूर्खपणा मात्र त्यांना सहन झाला नाही. त्यांनी कागद ओढून घेतला, चष्मा चढवला आणि मोठ्यानं वाचायला लागल्या. नाव वाचलं, गट नंबर वाचला, क्षेत्र वाचलं.

"सदर क्षेत्रावर ठिबक संच बसविण्यास सहहिस्सेदार म्हणून माझी कोणतीही हरकत..."

तिथं त्यांचं बोट अडलं. हेच शब्द त्या माणसानं चारदा लिहून आणले होते आणि तीनदा बाईंनी त्या कागदावर बोट ठेवलं होतं. समोरच्या टँकरमधून पाणी ठिबकत होतं. चष्म्यामागून त्यांना पुढची ओळ दिसेना.

"पुढं 'नाही' हाय, वहिनी," धोंडिबा म्हणाला. "मला पाठ हाय त्यो कागद."

त्यानं कागद त्यांच्या हातातून हळूच घेतला, तिन्ही प्रतींवर सही केली, आणि खाली, त्यांनी न सांगता, तारीख घातली.