राजेश्वरीच्या लिंका

राजेश्वरीला माणसाची पारख चटकन व्हायची, आणि त्यात माणूस बहुतेक वेळा कमीच भरायचा. लोणावळ्याजवळच्या कुसगावात एका मुंबईकर मालकाचा बंगला ती सांभाळायची. शनिवार-रविवारचे पाहुणे ओले टॉवेल गादीवर फेकायचे आणि भिंतीवरच्या बुरशीकडे बोट दाखवून "इथं साफसफाई होत नाही का?" असं विचारायचे. पावसाळाभर ढगात बुडून राहणाऱ्या गावात भिंत कोरडी कुठून राहणार, एवढंही ज्यांना कळत नाही ती माणसं इथं बंगले कशाला बांधतात, असा प्रश्न तिला दर सोमवारी चादरी धुताना पडायचा.

या रागातूनच तिचा चॅनेल सुरू झाला. ओल शोषायला कपाटात मडक्यात चुनकळी कशी ठेवायची, गाद्या भिंतीपासून हातभर लांब का ओढायच्या, बाहेर धुकं असताना खिडकी उघडणारा माणूस मूर्ख का असतो, हे ती मोबाइलसमोर उभी राहून रागावल्यासारखं सांगायची. लोकांना ते रागावणं आवडलं. लोणावळ्यातले केअरटेकर, कार्ल्यातल्या बाया, थेट कोकणातल्या गृहिणी तिला ऐकू लागल्या. राजेश्वरी सांगते म्हणजे तिनं करून पाहिलेलं असणार, यावर सगळ्यांचा विश्वास होता. तिचं भांडवल म्हणाल तर तेवढंच होतं.

मग तिचा भाचा सत्यम मदतीला आला. सत्यम लोणावळ्यात एका हॉटेलच्या जाहिरातीचं काम बघायचा, आणि गॉगल डोक्यावर चढवल्याशिवाय त्याला विचारच सुचत नसे. व्हिडिओखालच्या माहितीत वस्तूंच्या लिंका टाकायच्या, त्या लिंकेवरून कुणी वस्तू घेतली की आपल्याला कमिशन मिळतं, हे त्यानं आत्याला समजावलं. राजेश्वरीनं नाक मुरडलं, पण हो म्हणाली. बंगल्याचा मालक पगारवाढीचं नाव काढत नव्हता.

पहिली लिंक तिनं स्वतः निवडली होती. कपाटात ठेवायच्या डब्या, ओल शोषणाऱ्या, पाण्यानं भरल्या की फेकून द्यायच्या. तिनं एक पावसाळा त्या वापरल्या होत्या. बाकीच्या सत्यमनं भरल्या. त्यात बूट सुकवायचं उपकरण होतं, टॉर्च होती, आणि तळहाताएवढं एक पांढरं यंत्र होतं. ते म्हणे खोलीतली ओल ओढून घेतं. सर्वांत जास्त कमिशन त्याच यंत्रावर होतं. ओलीवरच्या तिच्या सर्वांत गाजलेल्या व्हिडिओखाली त्यानं ते वरच्या ओळीत बसवलं आणि शेजारी लिहिलं, 'राजेश्वरीताईंची पसंती'.

राजेश्वरीनं ते यंत्र पाहिलंही नव्हतं. "एवढंसं खेळणं खोलीची ओल काय ओढणार?" असं ती म्हणाली खरी, पण ओळ काढ असं काही म्हणाली नाही.

एकदा मात्र तिनं यादी शेवटपर्यंत वाचली. सगळ्या लिंका संपल्यावर, चार रिकाम्या ओळी सोडून, इंग्रजीत बारीकसं काहीतरी लिहिलेलं होतं.

"हे काय रे?"

"त्यात लिहिलंय, की लिंकेवरून आपल्याला कमिशन मिळतं. सांगावंच लागतं आत्या, नियम आहे."

"मग मराठीत का न्हाई? वर का न्हाई? मी व्हिडिओत मराठीच बोलते ना?"

"नियम तसाच आहे खरा. ज्या भाषेत व्हिडिओ त्याच भाषेत, सहज दिसेल असं, व्हिडिओत तोंडानंही सांगायचं. पण तसं केलं तर लोक वाचतील ना!"

सत्यमला यात काहीच वावगं वाटत नव्हतं. त्याच्या बिनडोक हसण्याची राजेश्वरीला किळस आली. चिडून ती चहा टाकायला उठली आणि ती ओळ तशीच राहिली.

कमिशनच्या हिशेबाच्या पानावर घेणाऱ्यांची नावं दिसत नसत, फक्त किती वस्तू खपल्या आणि किती परत आल्या एवढंच दिसे. पांढरी यंत्रं धडाधड खपत होती आणि परत जवळजवळ येतच नव्हती. "बघ, माल चांगला असल्याशिवाय?" सत्यम म्हणायचा. राजेश्वरीलाही ते पटू लागलं. उगाच आपण नावं ठेवली, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

शेजारच्या बंगल्याची केअरटेकर मेहरुनभाभी. तिच्याकडं इस्त्री मागायला राजेश्वरी गेली, तेव्हा बंगल्यामागच्या मेहरुनच्या खोलीत कोपऱ्यात ते यंत्र निळा दिवा लावून घुरघुरत होतं. वरची भिंत हिरवीगार होती. ओलीनं कुबट झालेली उशी दारात हवेला टाकली होती.

राजेश्वरीनं यंत्राचा डबा काढून पाहिला. तळाला घोटभर पाणी.

"भाभी, हे काम करत न्हाई."

"व्हय, न्हाई करत."

"मग परत का न्हाई पाठवलं?"

मेहरुननं दारातली उशी उलटी केली. "तुझ्या पसंतीचं हाय ना? परत केलं तर तुला तितं माझं नाव दिसंल. तुजं कमिशनबी कापत्यात, सत्यमनंच सांगितलं गल्लीत. मुक्ताबाईनं घेतलंय, धोंडाबाईनं घेतलंय. कुणीच परत केलं न्हाई. दिलेला आहेर कुणी माघारी धाडतं का? तुज्या तोंडावर कसं फेकायचं?"

राजेश्वरीला आता उलगडलं. माल चांगला म्हणून नव्हे, लाज वाटली म्हणून यंत्रं परत येत नव्हती! या बाया तिचं मन राखायला ओलीत झोपत होत्या आणि ती पानावरचा आकडा बघून खूश होत होती.

"कमिशन मिळतं हे म्हाईत हुतं तुमाला?"

"घेतल्यावर कळलं. आदी म्हाईत असतं तरी घेतलं असतं बघ. फकस्त एक इचारलं असतं." मेहरुननं घुरघुरणारं यंत्र बंद केलं. "तू वापरलंस का, हे इचारलं असतं. तुजा सोताचा फायदा हाय म्हटल्यावर माणूस इचारतंच की. नव्हतं म्हाईत, म्हनून न्हाई इचारलं."

मेहरुनच्या यंत्राची परत पाठवायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

राजेश्वरीनं तिथंच मोबाइल काढला. मागं हिरवी भिंत, हातात यंत्र. "ह्या व्हिडिओखाली लिंका आहेत. त्यावरून तुम्ही काही घेतलंत तर मला कमिशन मिळतं. हे यंत्र मी कधी वापरलं नव्हतं, तरी माझी पसंती म्हणून विकलं. खोलीची ओल याच्यानं हटत नाही. मुदत संपायच्या आत परत करा. मला तुमची नावं दिसत नाहीत, आणि दिसली तरी करा." मग तो व्हिडिओ चॅनेलवर टाकून वरच्या ओळीत तिनं तेच मराठीत लिहिलं, यंत्राची लिंक उडवली, आणि टॉर्चसकट न वापरलेली प्रत्येक वस्तू काढली. ओल शोषणाऱ्या डब्या तेवढ्या उरल्या. त्याही फक्त बंद कपाटासाठी, हे तिनं पुढं जोडलं.

सत्यमचा फोन आला. आत्या, तू वेडी झालीस का, कमिशन सगळं उलटं कापलं जाईल, असं तो ओरडत होता.

"कापू दे. आणि तुझा गॉगल डोळ्यांवर घालून ये कधी, म्हणजे तुझे डोळे तरी दिसणार नाहीत," राजेश्वरी म्हणाली आणि फोन ठेवला. पण त्याला बोललेलं तिला पुरेना. तो भामटा होता हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं. ती ओळ वाचूनही चहा टाकायला उठलेली बाई कोण होती, ते तिला आता दिसलं, आणि आजवर कुठल्या पाहुण्याचीही तिला इतकी घृणा वाटली नव्हती.

मेहरुननं खोका आणला, यंत्र आत ठेवलं, वर चिकटपट्टी ओढली.

"माझ्यामुळं तुजं नुकसान व्हतंय?" तिनं विचारलं.

"व्हय भाभी. व्हतंय."

"होऊ दे," मेहरुन म्हणाली, आणि खोका माघारी धाडायला राजेश्वरीच्याच हातात दिला.